परीक्षेची रजा आणि तिजोरीची किल्ली

सरकारी बँकेत स्केल वनचा अधिकारी स्केल टूमध्ये जातो तेव्हा आधीच्या वर्षांचे कामाचे अहवाल आणि मुलाखत यांच्या जोडीला बऱ्याच बँकांत लेखी परीक्षाही असते. तिचं परिपत्रक अनेकदा थंडीत निघतं, कारण बढत्या १ एप्रिलपासून लागू करायच्या असतात. शाखेतले सगळ्यात धावपळीचे महिनेही हेच. थकीत खात्यांची वसुली, कर्जाचं उद्दिष्ट, ३१ मार्चचं क्लोजिंग, सगळं एकदम अंगावर येतं. अशा वेळी अधिकारी अभ्यासासाठी आठ-पंधरा दिवस मागतो आणि शाखा व्यवस्थापकाच्या कपाळाला आठ्या पडतात.

या मागणीत कायद्याने वेगवेगळ्या असलेल्या दोन गोष्टी एकत्र येतात. पात्र कर्मचाऱ्याचा बढतीसाठी विचार होणं हा त्याचा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाच्या आधारे अनेकदा सांगितलं आहे. बढती मिळेलच असं नाही, पण विचार झालाच पाहिजे. परीक्षेला बसणं या हक्काखाली येतं. अभ्यासाचे दिवस मात्र येत नाहीत. राष्ट्रीयीकृत बँकांच्या अधिकारी सेवा विनियमांत स्पष्ट आहे की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. कामाची निकड असेल तर ती नाकारता येते, कमी करता येते, मंजूर झालेली परतही घेता येते. म्हणून परीक्षेचा दिवस भक्कम असतो आणि त्याच्या आधीचा आठवडा मागून, पटवून, व्यवस्था लावून मिळवावा लागतो. ‘मला हक्क आहे’ एवढ्यावर जो अर्ज रेटतो, त्याचा अर्ज इथेच अडतो.

विभागीय परीक्षेच्या अभ्यासासाठी म्हणून बहुतेक बँकांत वेगळी रजा नसते. खात्यावर असते ती सीएल आणि पीएल. सीएल वर्षाला बारा दिवस, पण सलग चारपेक्षा जास्त नाही आणि दुसऱ्या रजेला जोडूनही नाही. पीएल दर अकरा दिवसांच्या सेवेमागे एक दिवस जमते. ती लांब घेता येते, पण आधी कळवून.

एक उदाहरण मांडून पाहू. अंबाजोगाईसारख्या तालुक्याच्या गावात स्केल वनची एक अधिकारी आहे. परीक्षेचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला, परीक्षा रविवारी, आणि आदला शनिवार महिन्यातला दुसरा, म्हणजे बँकेला सुट्टी. तिने सीएल घेतली तर मंगळवार ते शुक्रवार असे चार दिवस मिळतात. त्यात शनिवारची सुट्टी धरली तर रविवारच्या आधी पाच दिवस हातात, त्यातला शनिवार प्रवासात जाणार. पीएल घेतली तर सोमवारही सुटतो. सोमवार ते शुक्रवार पाच पीएल, मागचा रविवार आधी जोडलेला, शनिवार-रविवार पुढे जोडलेले. पाच दिवसांच्या रजेत ती सलग आठ दिवस मोकळी.

तिला दोन आठवडे हवे असतील तर हिशेब बदलतो. पहिल्या आठवड्याच्या सोमवारपासून दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत बारा पीएल खर्च होतात, कारण पीएलच्या मधला रविवारही रजेतच मोजला जातो. पहिला शनिवार तर कामाचाच असतो. या बारा दिवसांची रजा जमायला तिला १३२ दिवस नोकरी करावी लागली आहे. म्हणून दुसरा आठवडा मागण्याआधी तिने त्या दिवसांत नेमकं काय वाचायचं आहे, हे स्वतःशी ठरवणं बरं.

आणि इथे तिच्या रोजच्या कामाचाच उपयोग होतो. पीककर्ज कधी थकीत धरायचं, हे तिला पाठ करावं लागत नाही. सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, उसासारख्या लांब मुदतीच्या पिकाला एक हंगाम थकला की खातं एनपीए होतं, हे ती दर महिन्याच्या यादीत पाहते. सोनेतारणाची, केवायसीची, बचत गटांच्या कर्जाची तीच गोष्ट. तिच्या शाखेत जे कधीच येत नाही ते म्हणजे परकीय चलनाचं काम. लेटर ऑफ क्रेडिट तिने फक्त परिपत्रकात पाहिलेलं असतं. आलेली कागदपत्रं तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस मिळतात, हा नियम तिला पुस्तकातूनच शिकावा लागणार. मुंबईच्या एखाद्या मोठ्या शाखेत परकीय चलनाच्या टेबलावर बसणाऱ्याचं याच्या नेमकं उलट; त्याला पीककर्ज परकं. दोघांनाही सगळा अभ्यासक्रम रजेत उरकायचा नसतो. आपल्या टेबलावर जे येत नाही तेवढ्यासाठीच सलग वेळ लागतो, आणि त्याला बहुतेक वेळा एक आठवडा पुरतो, असं माझं मत आहे.

आता शाखेच्या बाजूने पाहू. रजा अडते ती बऱ्याचदा व्यवस्थापकाच्या स्वभावामुळे नव्हे, किल्लीमुळे. रोख ठेवण्याची तिजोरी एकट्या माणसाला उघडता येऊ नये म्हणून तिला दोन किल्ल्या असतात. एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. सोनेतारणाची पाकिटंही अशीच दोघांच्या ताब्यात. एक अधिकारी आणि एक व्यवस्थापक अशा शाखेत अधिकारी रजेवर गेली की तिची किल्ली व्यवस्थापकाकडे येते. मग मोठ्या रकमेच्या व्हाउचरला दुसरी मंजुरी कोण देणार, कर्जाच्या पाहणीला गावात कोण जाणार, असे प्रश्न उभे राहतात. त्यातून व्यवस्थापक स्वतः स्केल टूमधून स्केल थ्रीच्या परीक्षेला त्याच रविवारी बसणार असेल तर दोघांपैकी एकालाच तो आठवडा मिळू शकतो. तेव्हा क्षेत्रीय कार्यालयातून बदली अधिकारी डेप्युटेशनवर मागवणं हाच मार्ग उरतो. पण त्या कार्यालयाकडे आसपासच्या सगळ्याच शाखांतून अशा मागण्या आलेल्या असतात आणि बदली माणसं मोजकीच.

म्हणून परिपत्रक आलं त्याच आठवड्यात अर्ज टाकावा. हॉलतिकिटाची वाट पाहिली तर उशीर होतो. एचआरएमएसमध्ये रजा टाकताना कारणाच्या रकान्यात लोक ‘वैयक्तिक काम’ लिहून मोकळे होतात. त्याने मंजूर करणाऱ्याच्या हातात काहीच येत नाही. त्याऐवजी सोबत असं एक पत्र जोडलेलं बरं:

‘स्केल वन ते स्केल टू बढतीच्या लेखी परीक्षेसाठी मी पात्र असून अर्ज केलेला आहे. परीक्षा रविवारी छत्रपती संभाजीनगर येथे आहे. तयारीसाठी सोमवार ते शुक्रवार पाच दिवसांची पीएल मंजूर करावी. आधीचा रविवार आणि नंतरचा शनिवार व रविवार जोडण्याची, तसेच या काळात मुख्यालय सोडण्याची परवानगी द्यावी. नूतनीकरणाला आलेल्या पीककर्जांची यादी मी रजेपूर्वी पूर्ण करून देईन. तिजोरीची किल्ली शुक्रवारी दिवसअखेर व्यवस्थापकांकडे नोंदवहीत सही करून सुपूर्द करीन. पुढल्या सोमवारी हजर होईन.’

यातली मुख्यालयाची ओळ लोक गाळतात. सुट्टीच्या दिवशीही कामाचं गाव सोडायला अधिकाऱ्याला परवानगी लागते. शनिवारी ती निघाली आणि शाखेत काही अडचण उभी राहिली तर पहिला प्रश्न हाच विचारला जातो. किल्लीच्या ओळीतला शुक्रवार मुद्दाम तपासून घ्यावा. रजा सोमवारपासून असली तरी आधीचा शनिवार कामाचा आहे, म्हणजे किल्ली खरं तर शनिवारी द्यायची. मंजूर करणाऱ्याच्या नजरेत अशी एक चूक आली की पत्रातल्या बाकीच्या शब्दांवरचाही विश्वास उडतो.

अर्जाला तोंडी ‘बघू’ असं उत्तर आलं तर ते मंजुरी म्हणून धरू नये. प्रणालीत अर्ज प्रलंबित दिसत असताना घरी राहिलं तर ती गैरहजेरी ठरू शकते आणि पगार कापला जातो. नकार मिळाला तर तो लेखी मागावा, कमी दिवसांचा पर्याय देऊन पुन्हा अर्ज करावा, आणि तरीही नाहीच झालं तर शाखेमार्फतच क्षेत्रीय कार्यालयाला लिहावं. व्यवस्थापकाला वगळून थेट वर लिहिलेलं पत्र बहुधा त्याच्याच टेबलावर अभिप्रायासाठी परत येतं.

सगळ्यात घातक वाट आजारपणाच्या रजेची आहे. अभ्यासासाठी डॉक्टरांचा दाखला आणायचा, आठवडाभर आजारी म्हणून नोंदवायचं आणि रविवारी परीक्षाकेंद्रावर सही करायची. ती हजेरी बँकेचीच असते. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की खोटा दाखला उघडा पडतो, आणि तो गैरवर्तनाचा मामला होतो. आरोपपत्र निघालं तर बढतीचा निकाल सीलबंद पाकिटात ठेवला जातो आणि चौकशी संपेपर्यंत उघडत नाही. आठवड्याच्या अभ्यासासाठी वर्षांची बढती पणाला लावण्यासारखं हे आहे.

आणखी एका रजेवर कोणी भिस्त ठेवू नये. संवेदनशील जागांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग दहा कामकाजाचे दिवस सक्तीने रजेवर पाठवावं, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये सांगितलं. गैरव्यवहार दडलेला असेल तर त्या दिवसांत तो वर यावा, हा हेतू. म्हणूनच ती रजा पूर्वसूचना न देता द्यायची असते. आपण तारीख ठरवून मागितलेली रजा या अटीत बसत नाही. परीक्षेच्या आधी ती अचानक वाट्याला आली तर चांगलंच, पण तिच्या आशेवर पीएलचा अर्ज थांबवायचा नाही.

लेखी परीक्षेनंतर यादी लागते आणि मुलाखतीचं पत्र येतं. मुलाखत बहुधा कामाच्या दिवशी, वरिष्ठ कार्यालयात असते. तो दिवस कर्तव्यावर धरला जाणार की रजेत, प्रवासभत्ता मिळणार की नाही, हे प्रत्येक बँकेच्या परिपत्रकात वेगवेगळं असतं. पत्र हातात पडताच ते वाचावं. जानेवारीत नव्या वर्षाच्या बारा सीएल खात्यावर आलेल्या असतात. त्यातल्या दोन-तीन या मुलाखतीसाठी राखून ठेवाव्यात, कारण ती मार्चमध्ये आली तर तेव्हा पीएल मिळणं फार अवघड असतं.