गारठ्यात डिझेल गाडी अडते तेव्हा

निफाडकडे जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरला की डिझेल गाड्या सकाळी आढेवेढे घेतात. दोष कुठे आहे, ते बरंचसं चावी फिरवल्यावरच्या आवाजावरून कळतं.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय, पण पेट घेत नाही आणि मागून पांढरा धूर येतोय, तर पहिला संशय ग्लो प्लगवर घ्यावा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटतं आणि गारठ्यात ती अपुरी पडते. वायर सोडवून मल्टिमीटर लावला, की चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास रोध दाखवतो. जळालेल्या प्लगमधून प्रवाहच जात नाही.

इंजिनच रडतखडत फिरत असेल, तर मीटर बॅटरीच्या टर्मिनलांवर धरून दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेलं, तर बहुधा बॅटरी थकली आहे. साडेदहाच्या वर टिकूनही फिरणं मंदच राहिलं, तर स्टार्टर मोटर, तिची केबल आणि अर्थिंग तपासा.

पण लगेच नवी बॅटरी आणू नका. बिघडलेला स्टार्टर जास्त करंट ओढून चांगल्या बॅटरीचंही व्होल्टेज पाडतो. म्हणून आधी ती पूर्ण चार्ज करून लोड टेस्ट करून घ्या.