निरोप तपासावा, बोली राखावी

चैत्राच्या सुमारास आमच्या झाडीपट्टीत मोहाची फुले गळू लागतात. फुले गळतात रात्री आणि पहाटे, आणि ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात. म्हणून बायाबापडे अंधार फिटायच्या सुमारास टोपली घेऊन रानात शिरतात आणि वाकून वाकून वेचतात. वाघाच्या हिंडण्याफिरण्याचीही वेळ नेमकी हीच. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या रानालगतच्या पुष्कळ गावांत आता वाघावर नजर ठेवणारी गावकऱ्यांची दले आहेत, आणि वनरक्षकापासून गावच्या पोरांपर्यंत सगळ्यांचा मिळून व्हॉट्सॲपवर एक गट असतो. कोणी पाऊलखुणा पाहिल्या, की दोन ओळींचा निरोप त्या गटावर येऊन पडतो.

आज बोलायचे आहे ते त्या दोन ओळींविषयी. निरोप पुढे धाडण्याआधी कोणा जाणत्याने तो तपासावा हे बरोबरच. पण तपासायचे म्हणजे नेमके काय करायचे? उदाहरणादाखल एक निरोप घेऊ. गडबडीत, एका हाताने लिहिलेला:

«भाऊहो वाघिण दिसली नाल्याजवळ जाऊ नका मोह वेचाले परवा पन तिथच होती दोन पिल्ल आहे संगं लोकायले सांगजा»

शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाचा हात लगेच शिवशिवतो. ‘वाघिण’ ऱ्हस्व का? ‘पन’ कशाला, ‘पण’ हवे. ‘वेचाले’ नव्हे, ‘वेचायला’. ‘दोन पिल्ले आहेत’. मग तो निरोप असा होतो: «सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, नाल्यानजीक मादी वाघ दोन पिल्लांसह आढळून आल्याने मोहफुले संकलनार्थ तिकडे जाणे टाळावे.» शुद्धलेखनात एक चूक काढता येणार नाही. पण पहाटे साडेपाचला, टोपली काखेत धरून, हा निरोप कोण वाचणार? कचेरीची नोटीस समजून बोट पुढे सरकेल. दुसरे असे, की ज्या पोराने मूळ निरोप लिहिला, तो आपल्या लिहिण्याला लोक हसतात असे समजून पुढच्या खेपेला गप्प बसेल. गटावरचा सर्वांत उपयोगी माणूस तोच. रानात तोच हिंडतो.

आणि गंमत अशी, की एवढे शुद्ध करूनही निरोपातल्या खऱ्या चुका तशाच राहिल्या!

खऱ्या चुका कोणत्या ते पाहू. पहिली, विरामाची. ‘वाघिण दिसली नाल्याजवळ जाऊ नका’ हे दोन तऱ्हांनी वाचता येते. ‘वाघिण दिसली नाल्याजवळ. जाऊ नका.’ म्हणजे ती नाल्यापाशी आहे. ‘वाघिण दिसली. नाल्याजवळ जाऊ नका.’ म्हणजे ती दिसली भलतीकडेच, नाल्याची वाट तेवढी बंद. पहिला अर्थ घेणारा माणूस नाला सोडून दुसऱ्या बाजूने रानात जाईल. आणि वाघीण नेमकी त्या बाजूला असेल तर? बोलताना हा घोटाळा होत नाही, कारण आपला श्वास योग्य जागी थांबतो. म्हणून तपासणाऱ्याने निरोप मोठ्याने, लिहिणाऱ्याच्या ढंगात वाचावा. जिथे श्वास दोन ठिकाणी थांबू शकतो, तिथे पूर्णविराम द्यावा. दुमत नसेल तिथे एकही खूण वाढवू नये.

दुसरी चूक काळाची. ‘परवा’ हा आपला शब्द मोठा लबाड आहे. मागचाही तोच आणि पुढचाही तोच. इथे ‘होती’ या क्रियापदाने मागचा परवा ठरतो, तेवढी अडचण नाही. पण हाच निरोप दोन दिवसांनी शेजारच्या गावच्या गटावर पोचला, म्हणजे ‘परवा’ कोणत्या दिवसापासून मोजायचा? ‘आज’, ‘काल’ यांचीही तीच गत. पुढे धाडलेल्या निरोपासोबत त्याचा मूळ दिवस प्रवास करीत नाही. म्हणून वार किंवा तारीख आणि वेळ निरोपातच हवी. आणि ‘पाच वाजता’ नव्हे, तर ‘पहाटे’ की ‘सांजच्याला’ तेही.

तिसरी जागेची. गावाला नाले चार असतील. मात्र इथे तपासणाऱ्याने अंदाज करायचा नाही. वनकक्षाचा आकडा असला तरी तेच: ३१४ की ३४१, हे डोक्याने ठरवता येत नाही. लिहिणाऱ्याला फोन करून विचारावे, ‘कोणता नाला गा?’ भाषेची चूक आपण दुरुस्त करू शकतो. पाहिलेल्या गोष्टीची दुरुस्ती फक्त पाहणाराच करू शकतो.

आता ‘पन’, ‘वेचाले’, ‘लोकायले’, ‘सांगजा’ यांचे काय? ही झाडीकडची बोली आहे. ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ला’च्या जागी ‘ले’ हा तिचा नियमच आहे. तेव्हा ते तसेच राहू द्यावे. ‘आहे’ला ‘आहेत’ करण्याचीही गरज नाही, कारण ‘दोन’ हा शब्द शेजारी बसला आहे. ‘तिथच’ आणि ‘पिल्ल’ यांवर मात्र अनुस्वार द्यावा, कारण बोलताना तो शेवटचा ‘अ’ लांबतो. यात नियमभंगही नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या लेखननियमांना १९६२ साली शासनाची मान्यता मिळाली, त्यांतच बोलण्यातली भाषा लिहिताना ‘असं केलं’ असे लिहायची मुभा आहे. ‘वाघीण’ दीर्घ केली तर बरे. राहून गेली तरी त्याने कोणाचा जीव धोक्यात येत नाही.

लिहिणाऱ्याला विचारून, असा तपासलेला निरोप मग असा होतो:

«भाऊहो, बुधवारी १२ तारखेले पहाटे साडेपाचले वाघीण दिसली शाळेमागच्या नाल्याजवळ. तिकडं नका जाऊ मोह वेचाले. सोमवारी पन तिथंच होती. दोन पिल्लं आहे संगं. लोकायले सांगजा.»

आवाज त्या पोराचाच राहिला, आणि अर्थ एकच उरला.

शेवटी दुरुस्ती करायची कशी, हेही सांगितले पाहिजे. व्हॉट्सॲपवर धाडलेला निरोप धाडणाऱ्याला पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो. ही सोय २०२३ साली आली. पण बदलल्यावर गटातल्या लोकांचा फोन पुन्हा वाजत नाही, आणि कोणी आधीच पुढे धाडलेली प्रत जुनीच राहते. त्यामुळे अनुस्वार सुधारायचा असेल तर मूळ निरोपातच गुपचूप बदलावा. परंतु जागा, वेळ किंवा ‘जा’ आणि ‘नका जाऊ’ यांतले काही चुकले असेल, तर नवा निरोपच टाकावा, आणि आरंभीच लिहावे: ‘भाऊहो, आधीचा निरोप चुकला, हा धरजा.’ लिहिणाऱ्याला शब्द सुचवायचे असतील तर ते गटावर चारचौघांत नव्हे, त्याच्या एकट्याच्या फोनवर सुचवावे. म्हणजे उद्या पहाटे नाल्याकाठी त्याला पुन्हा ताजा माग दिसला, तर तो अडखळत न बसता पहिल्यासारखाच झटकन लिहील.