भूक पोटाची की मनाची?

दुसरबीडमधल्या एखाद्या घरातली दुपार डोळ्यांसमोर आणा. एकला जेवण झालंय, घरात कुणी नाही आणि चारला हात शेव-चिवड्याच्या डब्याकडे जातो. डबा उघडण्याआधी स्वतःला विचारा : आत्ता पिठलं-भाकरी चालेल का? पोटाची भूक हळूहळू वाढते, तिला काहीही चालतं. मनाची भूक अचानक येते आणि ठरावीक चटकदार किंवा गोडच मागते.

आठवडाभर अशी ओढ लागली की वहीत वेळ, आधीचं जेवण आणि मनःस्थिती लिहा. कारण दिसलं की उपाय त्यालाच धरून करा :

• कंटाळा : हात गुंतवा, शेंगा सोला, शिवण घ्या.
• एकटेपणा : शेजारी जाऊन बसा, बहिणीला फोन करा.
• ताण : पाच मिनिटं सावकाश श्वास, सोडताना जास्त वेळ घ्या.

दहा मिनिटांनंतरही भूक असेल तर वाटीत काढून, बसून खा. जेवण टाळू नका, टाळल्याने ओढ वाढते.

सावधान : मधुमेहाचं औषध चालू असताना थरथर, घाम आला तर थांबू नका, लगेच साखर घ्या. खाण्यावर ताबाच राहत नसेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोला.