थोडी रोकड, थोडे रोखे

रोकड जवळ ठेवली तर व्याज बुडते. मग रोजच्या खर्चापुरती रक्कम बाजूला काढल्यावर उरलेली संपत्तीही लोक रोख स्वरूपात का ठेवतात? केन्सने १९३६ साली याचे उत्तर दिले ते रोख्यांच्या किमतीवर बोट ठेवून. ब्रिटिश सरकारचा ‘कन्सोल’ हा मुद्दल परत करण्याची मुदतच नसलेला कर्जरोखा होता. त्यावर ठरलेले व्याज मिळत राही, पैसे मोकळे करायचे तर तो बाजारात विकावा लागे.

समजा, असा रोखा वर्षाला ४ पौंड देतो आणि बाजारातला व्याजदर ४ टक्के आहे. त्याची किंमत १०० पौंड होईल. वर्षअखेर व्याजदर ४.१७ टक्क्यांवर गेला, तर तेच ४ पौंड मिळवण्यासाठी कोणी सुमारे ९६ पौंडांपेक्षा जास्त मोजणार नाही. म्हणजे व्याजदर जेमतेम पाव टक्काही वाढलेला नाही, तरी वर्षभराचे व्याज किमतीतल्या घटीने गिळले. व्याजदर याहून अधिक चढेल अशी ज्याची खात्री आहे, त्याने रोखे न घेता रोकड धरून बसणेच शहाणपणाचे ठरते.

या मांडणीतली अडचण ‘खात्री’ या शब्दात आहे. एकच एक अंदाज पक्का धरून चालणारा माणूस एकतर सगळे पैसे रोख्यांत घालील, नाहीतर सगळे रोकडीत ठेवील. प्रत्यक्षात एकाच माणसाजवळ दोन्ही असतात. येल विद्यापीठातील जेम्स टोबिन यांनी १९५८ च्या आपल्या निबंधात नेमका हाच धागा उचलला. त्यांचा गुंतवणूकदार व्याजदर कुठे जाईल हे जाणत नाही. किंमत चढेल किंवा उतरेल, दोन्ही शक्यता त्याच्या लेखी तोलून पाहता सारख्याच आहेत. तरीही तो रोकड ठेवतो, कारण त्याला अनिश्चितताच नकोशी वाटते.

त्याच्याजवळ १,००० पौंड आहेत असे धरू. रोख्यावर अपेक्षित उत्पन्न ४ टक्के, आणि किमतीतल्या चढउतारांचे प्रमाण विचलन १० टक्के. सगळी रक्कम रोख्यांत घातली तर अपेक्षित उत्पन्न ४० पौंड आणि जोखीम १०० पौंडांची. निम्मीच घातली तर दोन्ही निम्म्यावर येतात : २० आणि ५०. जोखमीचा जाच मात्र असा सरळ प्रमाणात वाढत नाही. तो जोखमीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो असे धरले, तर रोखे दुप्पट होताच जाच चौपट होतो. निम्म्या रोख्यांचा जाच या माणसाला १० पौंडांच्या तोट्याइतका वाटत असेल, तर पूर्ण रोख्यांचा ४० पौंडांइतका वाटेल. आता हिशेब करावा. सगळी रोकड : उत्पन्न शून्य, जाच शून्य. सगळे रोखे : ४० मधून ४० गेले, पुन्हा शून्य. निम्मे-निम्मे : २० मधून १० जाऊन १० उरतात, आणि याहून चांगली वाटणी नाही. दोन्ही टोके सारखीच फोल ठरून मधला मार्ग सरस निघतो, हे टोबिन यांच्या मांडणीचे मर्म आहे.

याच माणसासमोर व्याजदर ५ टक्के झाला, तर त्याचे रोखे ५०० वरून ६२५ पौंडांवर जातात आणि रोकड ३७५ उरते. व्याजदर वाढला की पैशाची मागणी घटते, हा केन्सचा निष्कर्ष असा कोणत्याही भाकिताशिवाय हाती येतो. उलट व्याजदर ४ टक्केच राहून चढउतार १२.५ टक्क्यांवर गेले, तर रोखे ३२० पर्यंत उतरतात आणि रोकड ६८० होते. बाजार अस्थिर झाल्यावर लोक पैसा हाताशी का ठेवतात, याचा उलगडा इथे होतो.

व्याजदर वाढल्यावर रोखे वाढतीलच, याची हमी मात्र सर्वांच्या बाबतीत देता येत नाही. दर चढला की तेवढेच उत्पन्न कमी रोख्यांतून, म्हणजे कमी जोखमीत मिळते. हा दिलासाच ज्याला मोलाचा वाटतो, तो रोखे कमीही करील. वरच्या उदाहरणातली जाच मोजण्याची रीत ही शक्यता वगळते. टोबिन यांनी ती नोंदवली होती.

खरी उणीव वेगळी आहे. रोकडीची बाजू इथे फक्त एका गुणावर उभी आहे : तिची किंमत पौंडांत मोजता बदलत नाही. पण तीन महिन्यांच्या ट्रेझरी बिलात किमतीची जोखीम जवळजवळ नसते आणि त्यावर व्याजही मिळते. मग जोखीम टाळणारा माणूस बिन व्याजाची रोकड कशाला ठेवील? तो आपल्या संपत्तीचा सुरक्षित भाग बिलांत किंवा मुदत ठेवीत ठेवील. म्हणून ही मांडणी नोटा आणि चालू खात्यातील शिल्लक यांपेक्षा सुरक्षित, अल्पमुदतीच्या मालमत्तेची मागणीच अधिक चांगली समजावते. पैशाची व्याख्या मुदत ठेवींपर्यंत रुंदावली तर ती लागू पडते. अरुंद ठेवली तर खिशातल्या नोटांसाठी देवाणघेवाणीची सोय हेच कारण शोधावे लागते. महागाईने ही अडचण आणखी वाढते, कारण वस्तूंच्या हिशेबात रोकडही सुरक्षित राहत नाही.