डिझायनर हवा की नको? आधी बाथरूम बघा

समजा, ठाण्यातला पंचवीस वर्षं जुना टू बीएचके आहे आणि खर्चाचा अंदाज आठ लाखांचा. डिझायनरने दहा टक्के फी सांगितली, तर ऐंशी हजार जातील. ती वाचवावी का?

रंगकाम, दिवे आणि दोन कपाटं एवढंच असेल, तर खुशाल वाचवावी. चांगला सुतार पुरतो. फक्त कपाटाचा दर स्क्वेअर फुटावर ठरवताना प्लायवूड, लॅमिनेट, बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनल त्यात धरलेत का, हे लिहून घ्यावं.

बाथरूम फोडायचं असेल, तर मात्र गणित बदलतं. प्लंबर पाइप टाकतो, मग वॉटरप्रूफिंग होतं आणि पाणी साठवून साधारण दोन दिवस ठेवतात. खालच्या घराच्या छतावर ओल दिसली नाही, तरच टाइल्स. घाईत ही चाचणी गाळली आणि पुढे गळती लागली, तर नव्या टाइल्स फोडाव्या लागतात.

रोज साइटवर उभं राहणारं घरात कुणी नसेल, तर फी द्यावी; पण देखरेखीच्या भेटी करारात लिहून घ्याव्यात. नुसत्या थ्रीडी चित्रांसाठी ऐंशी हजार मोजू नयेत. भिंत पाडायची असेल, तर डिझायनर असला तरी स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सोसायटीची परवानगी लागतेच.