बाही उसवा, तिला वेळ लागतो

एका श्रुतिकेसाठी मी एकदा शिंप्याच्या दुकानातला प्रसंग लिहिला होता. सुधा शिवणकाम करते, विनायक शाळेत गणित शिकवतो. शर्टाचं बटण तुटल्याचं निमित्त करून तो पुन्हा पुन्हा येतो. दोघं एकमेकांना आवडायला लागलेत, पण अजून कुणी बोललेलं नाही. माझा पहिला खर्डा असा होता :

विनायक : तुमच्या सुईपेक्षा तुमची नजर धारदार आहे.

सुधा : आणि तुमच्या जिभेला मात्र काजं करून बटणं लावायला हवीत!

लिहिताना मी स्वतःवर भलताच खूश होतो. तालमीत सुधाचं काम करणारी मुलगी म्हणाली, "वाक्यं छान आहेत हो, पण ती कुणाची आहेत?" मी नावांवर बोट ठेवून वाक्यांची अदलाबदल करून पाहिली. नजर आणि सुई त्याची, जीभ आणि बटण तिचं. उलट केलं तरी काही बिघडत नव्हतं. म्हणजे दोघांच्या तोंडून मीच बोलत होतो आणि टाळीही मलाच हवी होती. शिवाय तिनं दुसरा प्रश्न विचारला, तो जास्त बोचला. "दुकान माझं, गिऱ्हाईक तो. मला उठून जाता येत नाही. मग मला हे आवडतंय की मी सहन करतेय, हे ऐकणाऱ्याला कसं कळणार?"

रेडिओवर तर डोळे दिसत नाहीत, गालातलं हसू दिसत नाही. जे कळायचं ते शब्दांतून आणि शब्दांमधल्या थांबण्यातून. म्हणून मी कोट्या बाजूला ठेवल्या आणि एवढंच ठरवलं : सुधा कामात चोख आहे, तिच्या नजरेतून टाका सुटत नाही. विनायकला खोटं बोलता येत नाही. दुसरा खर्डा असा झाला :

सुधा : हा घ्या शर्ट. झालं काम. निघालात तरी चालेल.

विनायक : हो. निघतोच. (थांबतो.)

सुधा : हे बटण तुटलेलं नव्हतं. दोरा ब्लेडनं कापलाय.

विनायक : वर्गात... खडू लागला असेल.

सुधा : खडूला धार असते?

विनायक : भूमितीचा होता.

सुधा : बरं. शर्टाला बटणं सात. हे तिसरं. उरली किती?

विनायक : चार.

सुधा : मग चारही एकदम घेऊन या. एका खेपेत होईल.

विनायक : आणि उरलेले तीन दिवस मी काय करू?

सुधा : (जरा थांबून) बाही उसवा. तिला वेळ लागतो.

यात एकही वाक्य वहीत उतरवून ठेवण्यासारखं नाही. पण आता अदलाबदल करून पाहा. दोरा कापलाय हे विनायकला दिसणारच नाही. 'भूमितीचा खडू' ही सुधाची थाप असूच शकत नाही, कारण ती याहून चांगली थाप मारेल. प्रत्येकजण समोरच्याचा शब्द उचलतो आणि त्यात आपली थोडी भर घालतो. तीन दिवसांचा हिशेब तर त्याच्या तोंडून चुकून निघून जातो. बिचारा गणिताचा मास्तर, उत्तर लपवता येत नाही.

पहिलं वाक्य मी मुद्दाम घातलं. काम झालंय, शर्ट हातात आहे, सुधानं संवाद संपवलाय. त्यानंतर ब्लेडचा विषय तिनं आपणहून काढला, म्हणून पुढची चेष्टा तिच्या मर्जीची ठरते. हे वाक्य काढून टाका, सुधाची उत्तरं 'हो', 'नाही'वर आणा आणि विनायकला बोलत ठेवा. शब्द तेच राहतील, पण ती छेडछाड होईल. कितीतरी चित्रपटांतल्या गोड म्हणवणाऱ्या प्रसंगांत हीच गफलत असते.

शेवटच्या वाक्यात सुधानं आमंत्रण दिलंय, पण स्वतःसाठी पळवाटही ठेवलीय. उद्या विनायक काही भलतंच समजला, तर ती म्हणू शकेल, मी बाहीबद्दलच बोलत होते. ही पळवाट दोघांनाही लागते. ती नसली की चेष्टा संपून कबुली सुरू होते. ती वेळ कथेत कधी आणायची, हे मात्र आधी ठरवलेलं बरं.

शेक्सपिअरचं 'मच अडो अबाउट नथिंग' १६०० साली छापलं गेलं. त्यातली बिअट्रिस आणि बेनेडिक ही अशा जुगलबंदीची नामांकित जोडी. तिथे मला शब्दांच्या चकमकींहून एक साधी गोष्ट मोठी वाटते. बेनेडिक रंगमंचावर येण्याआधीच बिअट्रिस त्याला एक टिंगलीचं नाव देऊन, तो लढाईवरून परतला का, अशी चौकशी करते. टिंगल आहेच, पण चौकशी तिनं आपणहून केली. तिचं मन प्रेक्षकाला तिथेच कळतं.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी सुधाच्या शेवटच्या वाक्याआधीचा विराम लांबला. मी काचेआडून घाई करण्याची खूण करणार होतो. तेवढ्यात त्या मुलीनं शिलाई मशीनचं चाक हातानं अर्धा फेरा फिरवलं, थांबवलं आणि मग वाक्य म्हटलं. ते मी लिहिलेलं नव्हतं. तसंच ठेवलं.