गल्ल्यात आहेत, पण आपले नाहीत

समजा, एक बॅडमिंटन क्लब आहे. सभासद २००, वार्षिक वर्गणी १,२०० रुपये. खजिनदाराच्या २०२३-२४ सालच्या प्राप्ती व शोधन खात्यात वर्गणी दिसते २,४६,००० रुपये. हे खाते म्हणजे रोकडवहीचा गोषवारा. पैसा हातात आला की लिहिला, मग तो कुठल्याही वर्षाचा असो.

उत्पन्न व खर्च खाते मात्र एकच विचारते: हा पैसा या वर्षाचा आहे का?

पावतीपुस्तक उघडले की २,४६,००० ची फोड होते. त्यातले १२,००० मागच्या वर्षीची थकबाकी, ते वजा. २४,००० रुपये वीस सभासदांनी पुढच्या, म्हणजे २०२४-२५ च्या वर्गणीपोटी मार्चमध्येच भरले. तेही वजा. हा पैसा गल्ल्यात आहे, पण त्याच्या बदल्यात या वीस जणांना वर्षभर कोर्ट द्यायचे अजून बाकी आहे, म्हणून ताळेबंदात ही आगाऊ वर्गणी देणे बाजूला बसते. आलेला पैसा देणे ठरतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

उरले २,१०,०००. आता खरी गंमत. या वर्षाची १८,००० वर्गणी पंधरा जणांनी गेल्याच वर्षी भरली होती. यंदाच्या प्राप्ती व शोधन खात्यात तिचा मागमूस नाही. ती सापडते गेल्या वर्षीच्या ताळेबंदात, देणे बाजूला. तिथून ती उचलायची आणि मिळवायची. शिवाय दहा जणांकडून १२,००० अजून येणे आहे, तेही मिळवायचे. एकूण २,४०,०००. हाच आकडा उत्पन्न व खर्च खात्याच्या जमा बाजूला जातो.

पडताळा तर डोळ्यांसमोरच आहे: २०० गुणिले १,२०० म्हणजे २,४०,०००. माणसेही जुळतात: यंदा भरलेले १७५, आधीच भरलेले १५, थकलेले १०. मात्र वर्गणीचे दर वेगवेगळे असतील किंवा कोणी अर्ध्या वर्षात आले असेल, तर हा हिशेब गटागटाने करावा लागतो. आजीव सभासदांची रक्कम तर यात धरतच नाहीत.

सर्वांत जास्त चूक होते ती गेल्या वर्षीच्या आगाऊ रकमेत. ‘आगाऊ म्हणजे वजा’ असे डोक्यात बसलेले असते, म्हणून तेही १८,००० वजा होतात आणि उत्पन्न २,०४,००० येते. फरक ३६,००० चा, म्हणजे तीस सभासद गायब! फरक आगाऊ रकमेच्या बरोबर दुप्पट निघाला, की चिन्ह उलटे पडल्याची शंका घ्यावी.

आणि ते २४,०००? १ एप्रिल २०२४ पासून ते वीस जण कोर्टावर खेळू लागतील, आणि रोकडवहीत एक ओळही न लिहिता देणे बाजूची ती रक्कम क्लबचे उत्पन्न होत जाईल.